नारू: पाणपिसू, पायावरचा फोड आणि गाळायचे फडके (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नारू म्हणजे काय?

नारू हा माणसाच्या त्वचेखाली वाढणारा एक लांबलचक जंत आहे. शास्त्रीय नाव ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस, आणि जगभर तो गिनी वर्म म्हणून ओळखला जातो. आपल्याला त्रास देते ती मादी. ती 60 ते 100 सेंटिमीटर लांब आणि शिजलेल्या शेवईएवढी जाड असते. नर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. मिलनानंतर तो शरीरातच मरतो आणि कधी कुणाच्या नजरेस पडत नाही. रोगालाही लोक नारूच म्हणतात आणि जंतालाही. इथेही तसेच केले आहे.

नारू झालेल्या माणसाजवळ बसले, त्याची जखम धुतली तर नारू होतो का?

नाही. पुढचे सगळे समजायला ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल. जखमेतून बाहेर पडणारी अळी तुमच्या हाताला लागली, इतकेच काय ती पाण्यातून थेट पोटात गेली, तरी तुम्हाला नारू होत नाही. ती अळी अजून कच्ची असते. माणसात वाढण्याची ताकद येण्याआधी तिला पाण्यातल्या एका बारीक जिवाच्या पोटात सुमारे दोन आठवडे काढावे लागतात. हा टप्पा तिला चुकवता येत नाही.

हा बारीक जीव कोणता? तो डोळ्यांना दिसतो का?

त्याचे नाव सायक्लॉप्स. त्याला पाणपिसू म्हणतात, पण पिसवांशी त्याचा काही संबंध नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला आहे. पूर्ण वाढलेला सायक्लॉप्स साधारण एक ते दोन मिलिमीटरचा असतो. साचलेल्या पाण्याचा पेला उजेडासमोर धरून पाहिला, तर पांढरट ठिपके झटके देत पुढे सरकताना दिसतात. भिंग लावले की नासपतीसारखा आकार, डोक्यावर मधोमध एकच डोळा आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या अंड्यांच्या दोन पिशव्या ओळखता येतात. पाण्यात सायक्लॉप्स दिसले म्हणजे त्यात नारू आहे असे नव्हे. डबक्यातल्या, तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात ते जगभर असतात. नारूची अळी त्यांनी खाल्ली असेल तरच ते धोक्याचे.

अळी पोटात असलेला सायक्लॉप्स मंदावतो आणि तळाकडे बसतो. पाणी आटत आलेल्या डबक्यातून लोक तळाशी भांडे घासून पाणी भरतात तेव्हा धोका वाढतो, त्याचे एक कारण हे आहे.

पाणी प्यायल्यापासून नारू निघेपर्यंत काय काय घडते?

एक उदाहरण घेऊ. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका माणसाने तळ्याचे न गाळलेले पाणी प्यायले आणि त्यात अळी असलेले सायक्लॉप्स होते. जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स विरघळतो, अळी मोकळी होते, आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत शिरते. माणसाला यातले काहीही जाणवत नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरपर्यंत नर-मादी वाढून त्यांचे मिलन होते. नर मरतो. मादी वाढत राहते, तिच्या पोटात लाखो अळ्या तयार होतात आणि ती त्वचेखालून सहसा पायांकडे सरकू लागते.

पुढचा जून उजाडतो. दुखायला लागते ते आता, म्हणजे पाणी प्यायल्यानंतर साधारण एका वर्षाने. 10 ते 14 महिने हा नेहमीचा अवधी आहे. पायावर फोड येतो, एक ते तीन दिवसांत फुटतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. ते पाणी पिण्याच्या तळ्याचे असेल तर मादी तिथे अळ्या सोडते. या अळ्यांना काही दिवसांत सायक्लॉप्सने गिळले नाही तर त्या मरतात. गिळले, तर दोन आठवड्यांनी त्या माणसात वाढण्याजोग्या होतात. म्हणजे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते तळे धोक्याचे झाले. त्यातले पाणी पिणाऱ्याला नारू निघेल तो त्याच्या पुढच्या वर्षीच्या जूनच्या सुमाराला.

फोड इतका का आग करतो?

मादी त्वचेच्या अगदी खाली येऊन पोचली की शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते. आधी अंगावर पित्त उठल्यासारखे होते, खाज सुटते, कधी बारीक ताप, मळमळ येते. मग एका ठिकाणी गाठ येऊन तिचा पाण्याने भरलेला फोड होतो. दहातल्या आठ-नऊ जणांना तो गुडघ्याच्या खाली, घोट्याजवळ किंवा पावलावर येतो. हात, छाती किंवा अंगावर इतरत्रही येऊ शकतो. तिथली जळजळ विस्तव ठेवल्यासारखी असते, आणि थंड पाण्यात पाय घातला की लगेच बरे वाटते.

जंताला नेमके हेच हवे असते. फोड फुटल्यावर जखमेच्या तोंडाशी मादीचे टोक दिसते. त्याला पाणी लागले की तिचे अंग आवळते आणि दुधासारखा पांढरा द्रव बाहेर पडतो. त्या द्रवात लाखोंच्या संख्येने अळ्या असतात. पुढचे काही दिवस पाय पुन्हा पाण्यात गेला की पुन्हा तेच होते. रोग्याला पाण्यात पाय घालू नको म्हणणे म्हणजे त्याला मिळणारा एकमेव आराम हिरावून घेणे. म्हणून नुसता दम देऊन चालत नाही, त्याला दुसरी सोय द्यावी लागते. ती सोय म्हणजे बादली.

नारू काढतात कसा?

हळूहळू. घाईला इथे जागा नाही.

पाय स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवतात. आग शमते आणि मादी तिच्याजवळच्या अळ्या बादलीत सोडते, त्यामुळे तिचे अंग सैल पडून ओढायला सोपे जाते. हे पाणी तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचे नाही. दूर कोरड्या जमिनीवर ओतायचे, म्हणजे ते जिरते आणि अळ्या मरतात. मग जखम धुऊन जंताचे बाहेर आलेले टोक हलक्या हाताने ओढतात. थोडीशी जरी अडचण लागली तरी थांबायचे. जेवढा निघाला तेवढा कापसाच्या जाळीपट्टीच्या गुंडाळीभोवती किंवा काडीभोवती गुंडाळून ठेवतात, म्हणजे तो परत आत जात नाही. जखमेवर जंतुनाशक मलम लावून वरून पट्टी बांधतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच. दिवसाला काही सेंटिमीटर इतकाच वेग असतो. पूर्ण जंत निघायला कित्येक दिवस, बऱ्याचदा काही आठवडे लागतात. दुखणे आणि सूज कमी करायला आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके देतात.

एकदाच ओढून का काढत नाहीत?

कारण तो तुटतो. तुटलेला तुकडा आत आखडतो आणि त्यातला द्रव आसपासच्या मांसात सांडतो. दिवसभरात पाय सुजून तांबडा होतो, ठणकतो, पू धरतो. गळू होते, जंतुसंसर्ग पसरतो, धनुर्वाताचा धोकाही असतो. घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ असे झाले तर सांधा कायमचा आखडू शकतो. नारूने माणूस मरणे विरळा, पण माणूस कित्येक आठवडे जागचा हलू शकत नाही. दुर्दैव असे की बऱ्याच प्रदेशांत नारू निघण्याचा काळ आणि शेतीच्या कामाचा काळ एकच. मालीमधल्या डोगोन लोकांत या रोगाला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात.

काही माद्या बाहेर न येताच शरीरात मरतात आणि त्यांच्यावर चुन्याचा थर चढतो. पुढे कधी दुसऱ्याच कारणासाठी क्ष-किरण चित्र काढले की मांसात पांढऱ्या दोरीचे वेटोळे दिसते.

औषध का नाही? लस का नाही?

जंत मारणारी जी औषधे इतर कृमींवर चालतात, ती नारूवर चालत नाहीत. लसही नाही. लस शरीराला जे शिकवते ते शरीर मूळ रोगातून स्वतः थोडेफार शिकत असेल तर लस बनवणाऱ्यांना धागा सापडतो. देवी एकदा येऊन गेली की माणसाला पुन्हा सहसा येत नसे. नारूचे तसे नाही. यंदा नारू निघालेल्या माणसाला पुढच्या वर्षीही निघतो, एकाच वेळी अनेकही निघतात. वर्षभर जंत शरीरात असूनही रोगप्रतिकारशक्ती त्याला अडवत नाही.

म्हणून ज्यांनी उच्चाटन हाती घेतले, त्यांनी माणसाच्या शरीरात लढाई केलीच नाही. जंताला प्रवासात दोन ठिकाणी उघड्यावर यावेच लागते. एकदा तो सायक्लॉप्सच्या पोटातून पेल्यात येतो, आणि एकदा रोग्याच्या पायातून पाण्यात जातो. पहिल्या ठिकाणी फडके आणि दुसऱ्या ठिकाणी बादली-पट्टी, असा हा सारा बंदोबस्त आहे.

फडके पुरते कसे? फडक्यातून तर जंतू आरपार जातात.

जातात. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू कोणत्याही फडक्याला दाद देत नाहीत, आणि नारूसाठी गाळलेले पाणी त्या रोगांसाठी सुरक्षित झाले असे कुणी समजू नये. पण नारूचा हिशेब वेगळा आहे. पाण्यात मोकळी असलेली अळी माणसाला लागत नाही. लागते ती फक्त सायक्लॉप्सच्या पोटातली. त्यामुळे आपल्याला अळी अडवायचीच नाही, तिचे वाहन अडवायचे आहे, आणि ते वाहन मिलिमीटरभर मोठे आहे. गाळणीसाठी वापरतात त्या नायलॉनच्या जाळीचे भोक सुमारे 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असते. सायक्लॉप्स तिच्यातून जाऊच शकत नाही. घट्ट विणीचे सुती कापड दुपदरी केले तरी काम होते, फक्त ते लवकर तुंबते, पाणी सावकाश गळते आणि कंटाळून लोक ते काढून टाकतात. नायलॉनच्या एकेरी धाग्याच्या जाळीतून पाणी भराभर जाते आणि ती धुवायलाही सोपी, म्हणून मोहिमेत तिलाच पसंती मिळाली.

गाळताना चुका कुठे होतात?

सर्वात घातक चूक म्हणजे फडके उलटे लावणे. काल गाळल्यावर सायक्लॉप्स वरच्या बाजूला अडकले. आज तीच बाजू खाली करून पाणी ओतले, तर ते सगळे धुऊन थेट पिण्याच्या घागरीत पडतात. कुणाला कळतही नाही. म्हणून फडक्याची वरची बाजू ओळखता येईल अशी खूण हवी. कडेला रंगीत दोऱ्याची शिवण घातली तरी पुरते.

दुसरी चूक धुण्यात होते. फडके उलटे करून धुवायचे ते गाळलेल्या पाण्याने, घागरीपासून आणि तळ्यापासून दूर. तळ्यातच खळबळून आणले तर नव्याने सायक्लॉप्स चिकटून येतात.

तिसरी, फडके घागरीच्या तोंडावर सैल ठेवणे. मधोमध खोलगट होऊन कड आत घसरते आणि एका बाजूने न गाळलेले पाणी उतरते. तोंडाभोवती ते दोरीने किंवा रबराने घट्ट बांधायला हवे. आणि वापरण्याआधी रोज फडके उजेडासमोर धरून पाहावे. टाचणीएवढे भोक जरी दिसले तरी ते फडके बाद. त्याला ठिगळ लावले तर शिवणीच्या भोकांतून सायक्लॉप्स निसटतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिला चूक म्हणता येणार नाही. घरी गाळतात, पण शेतावर, गुरांमागे, वाटेत तहान लागते तेव्हा माणूस ओंजळीने पितो. त्यासाठी गळ्यात अडकवायची नळी-गाळणी असते. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला बारीक जाळी. जाळीचे टोक पाण्यात, दुसरे तोंडात, आणि ओढून प्यायचे. टोके अदलाबदल करायची नाहीत.

पाणी उकळले किंवा क्लोरीन टाकले तर?

उकळल्याने सायक्लॉप्स नक्की मरतात. पण घरभराचे पाणी रोज उकळायला लागणारे जळण मिळत नाही. पिण्याच्या पाण्यात टाकतात त्या नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनवर मात्र विसंबू नये, सायक्लॉप्स त्यात तग धरतात.

तळ्यात औषध टाकतात ते कोणते, आणि किती?

टेमेफॉस. हे सायक्लॉप्स मारते, आणि ठरलेल्या मात्रेत ते पाणी पिण्यायोग्य राहते. मात्रा दहा लाख भागांना एक भाग, म्हणजे एक घनमीटर पाण्याला एक ग्रॅम. आता हिशेब करून पाहू. तळे 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद. दोरीला दगड बांधून आठ-दहा जागी खोली मोजली आणि सरासरी 0.8 मीटर आली. 20 गुणिले 15 गुणिले 0.8 म्हणजे 240 घनमीटर. म्हणून 240 ग्रॅम टेमेफॉस लागेल. हाताशी असलेले द्रावण 50 टक्क्यांचे, म्हणजे लिटरला 500 ग्रॅमचे असेल, तर 480 मिलिलिटर. ते बादलीभर पाण्यात मिसळून सर्व बाजूंनी सारखे शिंपडायचे, एका कोपऱ्यात ओतून निघून यायचे नाही.

खोली मोजण्यात सर्वाधिक घोळ होतो. फक्त काठाजवळ मोजले तर पाणी कमी भरते आणि मात्रा अपुरी पडते. फक्त मधोमध मोजले तर उलटे. शिवाय पाऊस पडला की तळे फुगते, म्हणून दर वेळी नव्याने मोजावे लागते. नवे सायक्लॉप्स तयार होतात म्हणून संसर्गाच्या हंगामात दर 28 दिवसांनी औषध पुन्हा टाकतात. वाहत्या पाण्यात आणि मोठ्या जलाशयात हा उपाय चालत नाही.

मग सरळ विहिरी आणि हातपंप का देत नाहीत?

जिथे होते तिथे ते उत्तमच. हातपंपाच्या पाण्यात कुणाचा पाय जाऊ शकत नाही, आणि खोल भूजलात सायक्लॉप्स नसतात. भारतात नारूचे मोठे कारण पायऱ्यांच्या विहिरी होते, कारण पाणी भरणारा पाण्यात उतरूनच घागर बुडवायचा. अशा विहिरी बंद करणे, कठडा बांधून त्यांच्या साध्या आडाच्या विहिरी करणे, हातपंप बसवणे आणि फडक्याने गाळणे या सगळ्याची जोड देऊन इथला नारू संपला. पण बोअर घ्यायला वेळ आणि पैसा लागतो, काही ठिकाणी पाणी लागत नाही, आणि पंप बिघडला की लोक त्याच दिवशी जुन्या तळ्यावर परततात. फडके आज देता येते.

गेल्या वर्षापासून नेमाने गाळतो, तरी यंदा नारू निघाला. मग गाळण्याचा काय उपयोग?

गावोगाव काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो, आणि तो अगदी रास्त आहे. यंदा निघालेला जंत गाळायला सुरुवात करण्याआधी प्यायलेल्या पाण्यातून आलेला असतो. आज गाळण्याचे फळ दिसते पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी हे आधीच सांगितले नाही तर लोकांचा फडक्यावरचा विश्वास उडतो, आणि मग खरोखर साखळी चालू राहते.

हाच वर्षभराचा अवधी दुसऱ्या बाजूने आपल्या कामी येतो. जंत माणसात साधारण वर्षभर जगून मरतो. मोकळी अळी पाण्यात काही दिवस टिकते. खुद्द सायक्लॉप्सचेही आयुष्य आठवड्या-महिन्यांचे. वर्षानुवर्षे दडून बसायला जंताला जागा नाही. गावाने एक सबंध हंगाम कुणाचाही नारूचा पाय पाण्यात जाऊ दिला नाही, तर पुढच्या वर्षी त्या गावाच्या पाण्यातून कुणालाही नारू लागणार नाही.

एखादा रोगी सापडला की त्याच्यापुरता रोग थांबवला असे केव्हा धरतात?

मोहिमेत याचे काटेकोर निकष आहेत. जंत बाहेर आल्यापासून 24 तासांच्या आत रोगी सापडलेला असावा. जंत बाहेर आल्यापासून तो कुठल्याही पिण्याच्या पाण्यात उतरलेला नसावा. जंत पूर्ण निघेपर्यंत जखम धुऊन पट्टी बांधलेली असावी आणि त्याला पाण्यात न उतरण्याचे कारण समजावलेले असावे. वरिष्ठाने सात दिवसांत येऊन खात्री केलेली असावी. पाण्यात उतरल्याचा नुसता संशय असला तरी तिथे टेमेफॉस टाकलेले असावे. यातला एकही निकष हुकला तर ती नोंद ‘न रोखलेला रोगी’ अशी होते, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास त्या तळ्याच्या गावांवर नजर ठेवली जाते.

एवढे करून किती फरक पडला?

1986 मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या वीसेक देशांत वर्षाला सुमारे 35 लाख लोकांना नारू होत होता. त्या वर्षापासून अमेरिकेतल्या कार्टर सेंटर या संस्थेने जागतिक मोहिमेचे नेतृत्व घेतले. 2023 मध्ये साऱ्या जगात 14 रोगी नोंदले गेले, 2024 मध्ये 15. भारतातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. प्रमाणपत्रासाठी किमान तीन वर्षे सलग एकही रोगी नसणे आणि तो शोधण्याची यंत्रणा त्या काळात चालू असणे लागते. नुसते ‘आमच्याकडे कुणी नाही’ म्हणून भागत नाही.

मग शेवटचे दहा-पंधरा का संपत नाहीत?

कुत्र्यांमुळे. आफ्रिकेतल्या चाड देशात दहा वर्षे रोगी नसताना 2010 मध्ये नारू पुन्हा दिसला, आणि 2012 पासून तोच जंत कुत्र्यांत सापडू लागला. पुढे काही वर्षे तिथे दरवर्षी हजाराहून जास्त कुत्र्यांत तो आढळला. इथिओपियात बबून माकडांत, मालीत कुत्र्या-मांजरांतही आहे. कुत्र्याला फडके देता येत नाही. शिवाय मासे आणि बेडूक सायक्लॉप्स खातात, त्यांच्या अंगात अळी जिवंत राहू शकते, आणि माशांची टाकलेली आतडी खाल्लेल्या कुत्र्याला ती तिथून लागते असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणून तिथे आता माशांची घाण खोल पुरणे, मासे पूर्ण शिजवणे, नारू निघालेला कुत्रा जंत पूर्ण निघेपर्यंत बांधून ठेवणे आणि तळ्यांत टेमेफॉस टाकणे यांवर भर आहे. कुत्रा बांधून ठेवणाऱ्याला आणि रोगी कळवणाऱ्याला रोख बक्षीस मिळते.

कुठे पायातून जंत निघताना दिसला तर काय करावे?

त्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका, जखमेवर कोरडी पट्टी बांधा, जंत ओढू नका आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. जंताचा निघालेला तुकडा अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावा. त्वचेखालून इतरही जंत निघतात, आणि तो नारूच आहे की नाही हे प्रयोगशाळेत तो तुकडा पाहूनच ठरते. शेवटच्या काही महिन्यांत नव्हे, तर साधारण वर्षभरापूर्वी तो माणूस कुठे राहत होता आणि कुठले पाणी पीत होता, हेही तेव्हाच विचारून लिहून ठेवा.